पूजेचं ग्रीस

माझ्या नवऱ्याने ब्लोअरच्या बेअरिंगला ग्रीस घातलं नाही, बेअरिंग कोरडं पडलं आणि त्यामुळे भरात आलेली भट्टी थंड झाली, असं आमच्या जुन्या फौंड्रीत अजून सांगतात. सांगणारे बहुतेक नंतर कामाला लागलेले. त्यांनी ना ह्यांना बघितलं, ना तो ब्लोअर. तरी ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. ग्रीस कमी नव्हतं. जास्त होतं, भलतंच जास्त होतं, आणि ते ह्यांनी घातलेलं नव्हतं. सांगायला एवढंच आहे. पण ते खरं का, हे कळायला आधी ग्रीस कळावं लागतं, आणि तेवढी तसदी कोण घेतो? हाताला लागलं की चिंध्यांना पुसायचं, इतकीच त्याची किंमत.

नव्वदच्या दशकात आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो आणि दोघंही शिरोलीच्या बाजूला एकाच फौंड्रीत कामाला जात होतो. सकाळी ह्यांच्या सायकलवर मागे बसून पंचगंगेचा पूल ओलांडायचा, हा रोजचा नेम. मी कोअरशॉपमध्ये. ओतकामाच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा जो ठोकळा ठेवतात, तो कोअर; ते करायला आम्ही बायकाच असायचो. हे मेंटेनन्सचे फिटर. भट्टीला वारा देणाऱ्या ब्लोअरपासून वाळू मळायच्या गिरणीपर्यंत जे काही फिरतं ते सगळं ह्यांच्याकडे.

ह्यांना एक खोड होती. शिकलेली गोष्ट कुणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय ह्यांना अन्न गोड लागत नसे, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून ते कुणी तरी म्हणजे मी. एका रविवारी मी घासून पालथी घातलेली स्टीलची ताटली ह्यांनी उचलली आणि खिशातल्या पुडीतून ग्रीसचा गोळा काढून तिच्यावर लावला. मी बोंब मारली. 'अहो, जेवायची ताटली हाय ती!'

'गप की जरा, बघ तरी,' म्हणाले, आणि ताटली उभी धरली. गोळा जागचा हलला नाही. 'तेल असतं तर आत्ता तुझ्या फरशीवर आलं असतं. आता अंगठा फिरव.'

नाक मुरडत मी अंगठा फिरवला. पहिल्यांदा जड लागलं, आणि मग एकदम अंगठ्याखाली सुटलं, तेलासारखं पातळ होऊन पसरलं. अंगठा उचलला, तसं जिथल्या तिथं थांबलं. उभ्या ताटलीवरसुद्धा ओघळलं नाही.

'बघितलंस? बहुतेक सगळं तेलच हाय ह्यात. थोडासा साबण हाय. त्या साबणाचे बारीक धागे असतात, दिसत न्हाईत आपल्याला, पण एकमेकांत गुंतलेले. त्या गुंत्यात तेल अडकून बसतंय, म्हणून हालत न्हाई. तू रेटा दिलास, गुंता सुटला, वाहायला लागलं. रेटा काढलास, परत गुंतलं.'

'म्हणजे माणसासारखंच की, कुणी ढकलल्याबिगर हालायचं न्हाई,' मी म्हटलं. तेव्हा हे घरात एक ग्लाससुद्धा उचलून ठेवत नसत, त्यावर हा टोमणा होता. हे हसले, पण ताटली मलाच घासावी लागली.

पुढचं मात्र ह्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, आणि ते मला आजही तसंच्या तसं दिसतं. बेअरिंगमध्ये गोळ्या फिरायला लागल्या की आपल्या वाटेतलं ग्रीस त्या दोन्ही अंगांना सारून देतात. बाजूला पडलेल्या ग्रीसवर रेटा नाही. म्हणून ते तिथंच गच्च बसतं, वितळत नाही की ओघळत नाही, आणि त्यातून चिमूट चिमूट तेल गोळ्यांच्या वाटेवर पाझरत राहतं. बेअरिंग चालतं ते त्या पाझरलेल्या तेलावर. पण बाजूला सरायला जागा हवी. जोरात फिरणाऱ्या बेअरिंगच्या टोपीखाली निम्म्याहून अधिक भाग रिकामाच सोडायचा असतो. गच्च भरलं तर ग्रीसला सरायला ठाव राहत नाही, सगळंच्या सगळं रेट्यात सापडतं, ताक घुसळावं तसं घुसळलं जातं. घुसळलं की तापतं, तापलं की पातळ होतं, तेल वेगळं होऊन कडेच्या सीलमधून निघून जातं आणि मागे राहतो तो साबणाचा कोरडा चोथा. म्हणजे ग्रीस जास्त झाल्यामुळेच बेअरिंग कोरडं पडतं. हे शेवटचं वाक्य ह्यांचं फार आवडतं होतं. मी मुद्दाम म्हणायची, 'काहीतरीच तुमचं.'

आता थोरल्या मालकांबद्दल सांगायला हवं. ते मूळचे गुऱ्हाळवाले. उसाचा चरक, चुलवाण, काहील यांत त्यांची निम्मी हयात गेली होती, आणि त्यातूनच त्यांनी ही फौंड्री उभी केली. माणूस वाईट नव्हता. बायकांना सणाला साडी द्यायचे, उन्हाळ्यात ताकाची घागर ठेवायचे. कारभार आता धाकट्या मालकांकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे गेला होता, पण खंडेनवमीची पूजा थोरल्यांचीच. त्या दिवशी मशिनं धुवून पुसून झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, हे सगळीकडेच चालतं. आमच्याकडे एक गोष्ट जादा होती. थोरले मालक स्वतः ग्रीसगन हातात घ्यायचे आणि प्रत्येक बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरायचे, सीलच्या कडेने बाहेर येईपर्यंत. बाहेर आलं की म्हणायचे, 'पोट भरलं.' सगळ्यांनी हात जोडायचे. आणि पुजलेलं मशीन दसऱ्यानंतरच्या पहिल्या ओतकामाआधी उघडायचं नाही, हा नियम. नैवेद्य ताटातून परत काढून घेत नाहीत, तसं.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्यात काही चुकत नव्हतं. चरक हळू फिरतो. वाळू मळायची गिरणी हळू फिरते. जुना ब्लोअरही रेंगाळत चालणारा होता, जाड बुशांवर, म्हणजे आत गोळ्या नसलेल्या धातूच्या नळ्यांवर. हळू फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये घुसळण अशी होतच नाही, आणि गच्च भरलेलं ग्रीस वाळूची धूळ आत येऊ देत नाही. थोरल्या मालकांनी जे केलं ते त्यांच्या मशिनांना मानवणारंच होतं. हे मी नाही, ह्यांनीच मला सांगितलेलं.

त्या वर्षी पावसाळ्यात नवा ब्लोअर बसला. छोटा, पण भिंगरीसारखा फिरणारा, बॉल बेअरिंगवर. भट्टीशेजारी पत्र्याची एक खोली बांधून त्यात ठेवला, कारण तो इतका ओरडायचा की दार लावून घेतल्याशिवाय बाहेर कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही. हे त्याच्यावर खूश होते. नवीन सून आल्यासारखे त्याच्या खोलीत जाऊन येऊन असायचे, आणि मी तसं म्हटलं की रागवायचे.

खंडेनवमीला आम्ही सगळे खोलीच्या दाराशी उभे होतो. थोरले मालक ग्रीसगन घेऊन वाकले. हे पुढे झाले आणि हळूच म्हणाले, 'मालक, ह्याला नुसतं टेकवल्यासारखं करा. मी भरलंय बेताचं. हे जोरात पळणारं हाय, जास्त झालं तर तापंल.'

मालकांनी मान वर केली. राग नव्हता त्यांच्या तोंडावर, नवल होतं. 'सणादिवशी ह्यालाच उपाशी ठिवायचं?'

'उपाशी न्हाई हो. जागा लागतीया त्येला आत.'

तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं. कोण ते मला माहीत आहे, पण आता तो माणूसही राहिला नाही. 'ह्येंचं काय, ह्यास्नी देवच न्हाई.'

 आमच्या घरात सासऱ्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हापासून देव नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी कुणी बोलून दाखवत नसे, आणि आम्हीही पूजेला मागे हात जोडून उभे राहत होतो, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर राहावं तसे. पण त्या एका वाक्याने ह्यांचं सगळं बोलणंच दुसरं होऊन बसलं. आता ते बेअरिंगबद्दल बोलणारे फिटर राहिले नाहीत. मी ह्यांच्या मानेकडे बघत होते. कानामागे लाल झालं होतं. हे मागे सरले. थोरल्या मालकांनी दोन्ही बेअरिंगांत ग्रीस भरलं, सीलमधून पिवळा वेटोळा बाहेर येईस्तोवर. 'पोट भरलं.' मीही हात जोडले.

घरी येताना पुलावर हे सायकल हातात धरून चालत होते. 'दसऱ्याची सुट्टी गेली की सकाळी लौकर जातो. टोपी काढून जादाचं काढतो, कुणाला कळायचं न्हाई,' म्हणाले. त्या बेअरिंगच्या घराला खालून काढायला बूच नव्हतं. टोपीचे बोल्ट सोडल्याशिवाय ग्रीस निघणार नव्हतं, आणि ते करायला ब्लोअर बंद हवा.

सुट्टीनंतर आम्ही पोचलो तेव्हा भट्टीतला कोळसा पेटवून झाला होता आणि धाकटे मालक घड्याळ बघत उभे होते. पहिल्या ओतकामाचा मुहूर्त काढलेला होता. ह्यांनी सांगितलं, 'मला थोडा वेळ द्या. टोपी उघडतो, निम्मं काढतो, लावतो.' धाकट्यांनी थोरल्यांकडे बघितलं. थोरले एवढंच म्हणाले, 'पहिलं ओतकाम झाल्याबिगर उघडायचं न्हाई.' आणि धाकट्यांनी बटण दाबलं.

कळीची गोष्ट अशी की चालू करताना काहीच वाईट दिसत नव्हतं. आदल्या दिवशी कुणीही हाताने शाफ्ट फिरवून बघितला असता तर म्हणाला असता, झक्कास आहे. थांबलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस शहाण्या पोरासारखं बसलेलं असतं. दोष वेगातच उघडा पडतो.

मी सकाळच्या चहाच्या वेळी ह्यांचा कप घेऊन ब्लोअरच्या खोलीत गेले. हे बेअरिंगवर तळवा ठेवून बसले होते. माझा हात ओढून त्यावर ठेवला. चांगलंच ऊन लागलं, पण हात ठेवता येत होता. कानाशी तोंड आणून ओरडले, 'पहिल्यांदा तापतंयच! मग ग्रीस बाजूला सरून बसलं की निवतंय! निवलं न्हाई तर वांधं!'

'निवेल की,' मी ओरडले. मला काय माहीत होतं, पण बायको दुसरं काय ओरडणार?

मग साच्यांकडे कोअर द्यायला गेले तेव्हा ब्लोअरच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि हे धाकट्या मालकांशी हातवारे करून बोलत होते. बेअरिंगवर आता हात ठेवता येत नव्हता. सीलखालून पातळ, तपकिरी तेल ओघळत होतं. ग्रीस नव्हे, तेल. ह्यांनी बोट लावून मला दाखवलं आणि त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली. 'सुटलं,' एवढंच म्हणाले. धाकट्यांचं म्हणणं, साचे भरून होऊ देत, मग बंद करू. अर्धे साचे अजून रिकामे होते.

त्यानंतर थोड्याच वेळात ब्लोअर किंचाळला. मोटरचा पट्टा जळाल्याचा वास कोअरशॉपपर्यंत आला आणि मग सगळीकडे शांतता पसरली. फौंड्रीत शांतता ही चांगली गोष्ट नाही. आम्ही बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिलो.

वारा बंद पडला की भट्टीवाल्याने पहिलं काम एकच करायचं असतं. भट्टीच्या बुडाशी वारा आत जायची जी भोकं असतात, त्यांची झाकणं उघडायची. नाहीतर कोळशाचा विषारी वायू पाइपातून उलटा ब्लोअरकडे येतो. त्याला ना रंग, ना वास. भट्टीवाला झाकणांकडे धावलाही होता. धाकटे मालक ओरडले, 'ऱ्हाऊ दे, आत्ता चालू हुतोय, भट्टी गार पडंल!' आणि त्याने हात मागे घेतला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तोवर हे पाना घेऊन पत्र्याच्या खोलीत शिरले होते, टोपी उघडायला. आता कुणी नको म्हणत नव्हतं.

हे बाहेर येईनात. आधी सगळ्यांचं लक्ष भट्टीकडे होतं, लोखंड आत गोठत होतं. मला कसलं लोखंड? मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. हे भिंतीला टेकून बसले होते, पाय पसरून, दुपारी जेवल्यावर बसायचे तसे. पाना मांडीवर. टोपी अर्धी उचकटलेली. तोंड गुलाबी दिसत होतं, चांगलं तजेलदार, म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं. आजही कुणाचं तसं गुलाबी तोंड बघितलं की मला कसंतरी होतं. मी हाक मारली. मग खांद्याला धरून हलवलं. मग कोअरशॉपच्या बायकांना ओरडून बोलावलं आणि आम्ही चौघींनी ह्यांना ओढत उघड्यावर आणलं. माझंही डोकं गरगरायला लागलं होतं.

सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला. हे शुद्धीवर आले, मला ओळखलं, पाणी मागितलं. काही दिवसांनी घरी आणलं. बोलत होते, चालत होते, भाकरीला मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते. मी मनात म्हटलं, सुटलो.

तोपर्यंत फौंड्रीत ठरून गेलं होतं की फिटरने बेअरिंगला ग्रीस घातलं नाही, ते कोरडं पडून जाम झालं. चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांनाही तेच सांगितलं. ह्यांना कळलं तेव्हा अंथरुणात उठून बसले. इतके चिडलेले मी ह्यांना कधी बघितले नव्हते. फिटरला चोर म्हटलं तरी तो एक वेळ सहन करील, पण ग्रीस घातलं नाही म्हणणं म्हणजे त्याचा हातच काढून घेणं.

'तू जा,' मला म्हणाले. 'म्हणावं, सगळ्यांसमोर टोपी काढा. गोळ्यांच्या जवळ काळा, करपलेला चोथा असंल. आणि लांबच्या कोपऱ्यांत पिवळं, ताजं ग्रीस, खच्चून भरलेलं. गरमीत पातळ झालं असंल, पन थांबल्यावर पुन्ना बसलं असंल जागच्या जागी. ग्रीस न्हाई म्हणत्यात? कोपऱ्यात बोट घालून बघा म्हणावं. बंद पडल्यावर ग्रीस खोटं बोलत न्हाई.'

मी गेले. कोअरशॉपमधल्या एका मैत्रिणीला बरोबर घेतलं. दोघेही मालक ब्लोअरच्या खोलीपाशी होते. मी सांगितलं ते थोरल्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतः वाकून टोपी उचलली.

ह्यांनी सांगितलं तसंच होतं. अगदी तसंच. गोळ्या निळ्या-काळ्या पडलेल्या, त्यांच्याभोवती तव्यावर करपलेल्या पिठासारखा चोथा. आणि टोपीच्या कोपऱ्यांत पिवळंधमक ग्रीस, बोटांनी दाबून बसवल्यासारखं. थोरल्या मालकांनी त्यात बोट घातलं. बोट बुडालं. त्यांनी ते वर काढून दोन बोटांत चोळलं, आणि पुष्कळ वेळ चोळत राहिले. त्यांना कळलं. माझी खात्री आहे, त्या घडीला त्या माणसाला सगळं कळलं.

मी म्हटलं, 'मालक, सांगा आता सगळ्यास्नी.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. धाकट्यांकडेही नाही. शेजारी रॉकेलचा डबा होता. त्यात चिंध्या बुडवल्या आणि टोपी आतून पुसायला लागले. कोपरेसुद्धा. चांगली स्वच्छ पुसली, पूजेला पुसायचे तशी. मी ओरडले, शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मैत्रीण मला ओढत बाहेर घेऊन गेली. ती बिचारी तिथंच कामाला होती, साक्षीला यायची हिंमत तिला झाली नाही, आणि तिच्यावर मी कधी रागावले नाही.

घरी येऊन सांगितलं तर हे हसले. 'पुसलं म्हणजे कळलंय त्येला. मी बरा होतो, मग जातो, समोरासमोर बोलतो.'

हे बोलणं झालं आणि काही आठवड्यांनी एका सकाळी हे चप्पल कुठल्या पायात घालायची म्हणून उंबऱ्यावर खोळंबले. मला थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी संडासाची वाट विसरले. मग चालताना पाय फरफटायला लागले. डॉक्टर म्हणाले, ह्या वायूचं असंच असतं, माणूस बरा झाल्यासारखा दिसतो आणि मग मेंदूला मागाहून दणका बसतो. चालणं पुढे थोडं सुधारलं. आठवण सुधारली नाही. जुनं सगळं शाबूत, लहानपण, आमचं लग्न, माझ्या माहेरची म्हैस. नवं काही टिकेना. आणि त्या खंडेनवमीपासूनचं सगळं पुसलं गेलं.

पण एक गोष्ट कुठून तरी आत रुतून बसली. लोक भेटायला यायचे, दाराशी कुजबुजायचे, तेच कधी कानावर पडलं असणार. एका दुपारी हे माझ्याकडे बघून म्हणाले, 'अगं, मी ब्लोअरला ग्रीस घालायचं इसरलो काय?'

मी सांगितलं, सगळं, ताटलीपासून. हे ऐकत होते, मान डोलवत होते. 'जास्त झालं व्हय. मग तापणारच की.' तोंडावरचा ताण गेला. मी आत जाऊन भाकरी थापायला घेतली. भाकरी तव्यावर टाकते तोवर बाहेरून आवाज आला, 'अगं, मी ग्रीस घालायचं इसरलो काय?'

तसं सुरू झालं ते थांबलंच नाही. एखाद्या दिवशी विचारत नसत, तेव्हा मला उलट भीती वाटायची. कधी रडत विचारायचे. कधी माझा हात धरून, चोरी केलेल्या पोरासारखे. मी कधी नीट सांगितलं, कधी चिडून सांगितलं, कधी 'झोपा आता' म्हणून गप्प केलं. एकदा एक जुनं बेअरिंग आणि ग्रीसचा डबा आणून पुढ्यात ठेवला. हातांना सगळं आठवत होतं. तळव्यावर ग्रीस घेऊन गोळ्यांच्या फटीत दाबत गेले, पुढून घालून मागून निघेस्तोवर, आणि जादाचं बोटाने निपटून काढलं, अगदी बेताचं ठेवलं. मी म्हटलं, 'हे हात इसरणारे हायत काय?' 'न्हाईत,' म्हणाले, आणि खूश दिसले. मग बेअरिंगकडे बघता बघता त्यांचा चेहरा पडला, आणि काय विचारणार ते मला विचारण्याआधीच कळलं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मी दुसऱ्या फौंड्रीत कोअर करायला लागले. आणि एका दुपारी थोरले मालक आमच्या दारात उभे राहिले. काठी घेऊन, एकटे, फार वाकलेले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली होती. मी आत या म्हटलं नाही. तेच आत आले आणि ह्यांच्या समोर जमिनीवर बसले. त्यांना खाली बसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

'मी घातलं ग्रीस,' ते ह्यांना म्हणाले. 'तू नगं म्हणत हुतास. मी भरलं. आनि नंतर मीच पुसलं. तुझी चूक न्हवती, फिटर.'

हे नीट ऐकत होते. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, 'पावणं कोण?'

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं असावं, बोललो, मोकळा झालो. तो उठायला लागला, तसं मी म्हटलं, 'बसा. पुन्हा सांगा.' त्याने पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, 'व्हय? माझी चूक न्हवती?' आणि इतके मोकळे हसले की मला तोंड फिरवावं लागलं.

दारात मी म्हाताऱ्याला अडवलं. म्हटलं, 'उद्या या. ह्यास्नी उद्या आठवणार न्हाई. माझं ऐकून ऐकून ह्यास्नी वाटतंय, बायकू हाय, समजूत काढतीया. तुमचं खरं वाटलं, तुम्ही बघितलंसा. उद्या येऊन परत सांगा. परवा पण या.' म्हाताऱ्याने काठी सावरली. 'येतो,' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. चहाला जादा दूध आणलं, सतरंजी टाकली. दुपार झाली, ऊन भिंतीवरून उतरलं. मी सारखी दाराकडे जात होते, ते ह्यांच्या लक्षात आलं.

'कोण यायचं हाय?'

'एक माणूस. तुम्ही ग्रीस बरोबर घातलंतं, तुमची काही चूक न्हवती, असं सांगायला यायचा हाय.'

'मग एवढ्यासाठी त्याला कशाला तरास?' हे म्हणाले. 'तूच सांग की.'